औषध चाचणीचे माहितीपत्रक आणि संमतिपत्र: सही करण्यापूर्वी नेमके काय वाचावे

औषध कंपनीच्या चाचणीत सहभागी होण्याविषयी डॉक्टरांनी विचारले की रुग्णाच्या हातात पंधरा-वीस पानांचा एक गठ्ठा येतो. त्याचा मोठा भाग म्हणजे सहभागी माहितीपत्रक आणि शेवटची दोन-तीन पाने म्हणजे संमतिपत्र. चाचण्यांना मंजुरी देणाऱ्या, एका रुग्णालयाच्या नैतिकता समितीवर सामान्य नागरिक सदस्य म्हणून काही वर्षे बसल्यामुळे असे अनेक गठ्ठे मी मराठीत वाचले आहेत. माझा अनुभव असा की रुग्ण पहिली चार पाने मन लावून वाचतात, मध्ये थकतात आणि ज्या पानांवर भरपाई व माघार यांचा मजकूर असतो तिथे पोहोचेपर्यंत नुसते पान उलटत असतात. म्हणून मी ओळखीच्यांना ही कागदपत्रे शेवटच्या पानांपासून वाचायला सांगतो, आणि प्रत्येक महत्त्वाच्या वाक्यापाशी थांबून तीन गोष्टी शोधायला सांगतो: हे कोण ठरवणार, पैसे कोण देणार, आणि कुठपर्यंत.

पुढील विवेचन भारतात नवीन औषधांच्या चाचण्यांना लागू असलेल्या 'नवीन औषधे आणि चिकित्सालयीन चाचण्या नियम, 2019' यांच्या आधारे केले आहे. हे नियम मार्च 2019 मध्ये लागू झाले. माहितीपत्रकात काय असलेच पाहिजे याची यादी त्यांच्या तिसऱ्या अनुसूचीत आहे, आणि भरपाईची सूत्रे सातव्या अनुसूचीत आहेत. एखाद्या महाविद्यालयातील डॉक्टरांनी निव्वळ शैक्षणिक हेतूने केलेला अभ्यास, किंवा ज्यात नवीन औषध दिलेच जात नाही असे सर्वेक्षण, यांची वाट वेगळी असते. तिथे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची मार्गदर्शक तत्त्वे लागू होतात, त्यामुळे पुढील आकडे तिथे जसेच्या तसे लावू नयेत.

समजण्यासाठी एक उदाहरण सबंध लेखभर धरू. सोलापूरचे एक यंत्रमाग कामगार, वय 50, आठ वर्षांपासून टाइप 2 मधुमेह, मेटफॉर्मिनची गोळी चालू. त्यांना पुण्यातील एका रुग्णालयात 24 आठवड्यांच्या चाचणीविषयी विचारले आहे. मेटफॉर्मिन चालूच राहील, तिच्या जोडीला नवीन गोळी किंवा प्लासिबो म्हणजे औषध नसलेली सारखीच दिसणारी गोळी मिळेल, आणि एकूण नऊ वेळा रुग्णालयात यावे लागेल. व्यक्ती आणि चाचणी दोन्ही कल्पित आहेत, परंतु अशा रचनेच्या चाचण्या अगदी नेहमीच्या आहेत.

आधी कागद खरा आहे का ते पाहावे

मजकुराकडे वळण्याआधी पानाच्या वरच्या आणि खालच्या कडेला पाहावे. तिथे आवृत्ती क्रमांक, तारीख आणि भाषा लिहिलेली असते, उदाहरणार्थ 'मराठी, आवृत्ती 2.0'. नैतिकता समितीने मंजूर केलेली आवृत्ती तीच हवी. संमतिपत्रातील पहिल्याच वाक्यात 'अमुक तारखेचे माहितीपत्रक मी वाचले' असे लिहून घेतात, तेव्हा ती तारीख आणि हातातील माहितीपत्रकाची तारीख जुळते का ते ताडून पाहावे. न जुळणे म्हणजे बहुतेक वेळा चाचणीचे कागद सांभाळणाऱ्या कोऑर्डिनेटरने जुना गठ्ठा काढलेला असतो. त्यात फसवणूक असेलच असे नाही, पण जुन्या आवृत्तीत नंतर कळलेला एखादा दुष्परिणाम नसण्याची शक्यता असते, म्हणून नवीन प्रत मागून घ्यावी.

नैतिकता समितीचा नोंदणी क्रमांक ECR या अक्षरांनी सुरू होतो आणि महाराष्ट्रातील समितीच्या क्रमांकात MH ही अक्षरे येतात. चाचणीचा दुसरा क्रमांक CTRI या अक्षरांनी सुरू होतो. पहिल्या सहभागीची भरती होण्यापूर्वी चाचणीची नोंद भारताच्या सार्वजनिक नोंदवहीत करणे बंधनकारक आहे. ctri.nic.in या संकेतस्थळावर तो क्रमांक घालून पाहिले की प्रायोजक म्हणजे चाचणी करवणारी कंपनी कोण, चाचणी कुठल्या रुग्णालयांत चालू आहे आणि तिथल्या समितीची मंजुरी आली आहे की नाही, हे घरबसल्या दिसते. आपल्या रुग्णालयाचे नाव त्या यादीत नसेल तर तेवढ्यावरच थांबून विचारणा करावी.

हा गठ्ठा घरी नेण्याचा हक्क आहे. 'आजच सही केली तर आजच तपासण्या होतील' हे सोयीचे वाक्य असते, नियम नव्हे.

चाचणीत तुमच्या वाट्याला काय येईल

माहितीपत्रकात गटांची विभागणी कशी होणार हे शक्यतेसह लिहिले पाहिजे. आपल्या उदाहरणात 'दोनास एक' असे प्रमाण आहे, म्हणजे दर तिघांपैकी दोघांना नवीन गोळी आणि एकाला प्लासिबो. कोणाला काय मिळणार हे संगणक ठरवतो आणि ते डॉक्टरांनाही ठाऊक नसते. मराठी माहितीपत्रकांत याला 'यादृच्छिक वाटप' असा शब्द वापरतात आणि तो वाचून कोणालाही काही कळत नाही. 'चिठ्ठी टाकल्यासारखे' एवढे लिहिले तरी पुरे. भाषांतराचा विषय निघालाच आहे तर सांगतो, सहभागीसाठी वापरलेल्या 'सब्जेक्ट' या इंग्रजी शब्दाचे भाषांतर 'विषय' असे केलेले एक माहितीपत्रक आमच्यापुढे आले होते आणि त्यात 'विषयाचा मृत्यू झाल्यास भरपाई दिली जाईल' असे वाक्य होते. न समजणारे वाक्य हा वाचणाऱ्याच्या शिक्षणाचा दोष मानू नये, त्यावर बोट ठेवून ते बोली भाषेत सांगायला लावावे.

दोन विधाने या भागात असायलाच हवीत: चाचणीतील औषधाचा अपेक्षित गुण न येण्याची शक्यता आहे, आणि प्लासिबोने उपचार होत नाही. आपल्या कामगाराच्या दृष्टीने खरा प्रश्न त्यापुढचा आहे. सहा महिने प्लासिबो मिळत राहिला आणि साखर वाढतच गेली तर काय? त्याचे उत्तर माहितीपत्रकात 'बचाव उपचार' किंवा तशा अर्थाच्या शीर्षकाखाली असते. साखर किती वाढली आणि किती काळ वाढलेली राहिली म्हणजे जादा औषध देणार, ते कोणते, आणि त्याचा खर्च कोणाचा, हे तिथे स्पष्ट हवे. 'डॉक्टर योग्य तो निर्णय घेतील' एवढेच लिहिले असेल तर प्रत्यक्ष आकडा विचारून घ्यावा. हे वाक्य पुढे भरपाईच्या वेळीही उपयोगी पडते, कारण चाचणीच्या मंजूर आराखड्यात ठरलेला आणि उपलब्ध असलेला बचाव उपचार न दिल्यामुळे झालेली इजा ही नियमानुसार चाचणीशी संबंधित इजा ठरते.

चाचणीत न जाता आपल्या आजारावर आणखी कोणते उपचार उपलब्ध आहेत, हेही लिहिलेले असले पाहिजे. हा परिच्छेद बहुधा दोन ओळींचा असतो. मधुमेहासारख्या आजारात पर्याय पुष्कळ असतात, तेव्हा दोन ओळींवर समाधान मानू नये.

भरपाईची पाने: दोन वेगळी वचने

इथे सावकाश वाचावे. या भागात दोन निराळी वचने असतात आणि वाचणारा ती एकच समजतो.

पहिले वचन मोफत उपचारांचे. चाचणीच्या काळात सहभागीला कोणतीही इजा झाली तर जोवर गरज आहे तोवर, किंवा ती इजा चाचणीमुळे झालेली नाही असे सिद्ध होईपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तिथपर्यंत उपचार मोफत मिळाले पाहिजेत. या वाक्याचे वजन 'सिद्ध होईपर्यंत' या शब्दांवर आहे. आधी उपचार आणि संबंधाचा निवाडा नंतर, असा हा क्रम आहे. माहितीपत्रकात तो उलटा केलेला आढळतो: 'इजा चाचणीशी संबंधित आहे असे आढळल्यास उपचार मोफत दिले जातील.' वाचताना दोन्ही वाक्ये सारखी वाटतात. परंतु दुसऱ्या वाक्यानुसार रुग्णाने मध्यरात्री दाखल होताना स्वतः पैसे भरायचे आणि मग संबंध सिद्ध होण्याची वाट पाहायची, असा अर्थ होतो. अशी ओळ दिसली तर सही न करता ती नैतिकता समितीला कळवावी. समितीचे संपर्क तपशील माहितीपत्रकातच असतात.

दुसरे वचन आर्थिक भरपाईचे. चाचणीशी संबंधित मृत्यू, कायमचे अपंगत्व किंवा इतर इजा झाल्यास, उपचारांच्या खर्चाव्यतिरिक्त, प्रायोजकाने रोख भरपाई द्यायची असते. उपचारांवर झालेला खर्च भरपाईतून वजा करता येत नाही. संबंधित म्हणजे काय, हेही नियमांत दिले आहे. औषधाचा दुष्परिणाम हे उघड कारण झाले. त्याशिवाय मंजूर आराखड्याचे उल्लंघन किंवा संशोधकाचा म्हणजे चाचणी चालवणाऱ्या डॉक्टरांचा निष्काळजीपणा, उपलब्ध असूनही आराखड्यानुसार न दिलेले प्रस्थापित उपचार, आराखड्यानुसार घ्यावे लागलेले जोडीचे औषध, चाचणीसाठी केलेली एखादी प्रक्रिया, आणि आई किंवा वडील सहभागी असताना गर्भातील बाळाला झालेला अपाय, हे सर्व त्यात येते. म्हणून 'औषधामुळे इजा झाल्यास' एवढेच लिहिलेले माहितीपत्रक अपुरे समजावे. चाचणीसाठीच केलेल्या बायोप्सीने रक्तस्राव झाला तर त्यात औषधाचा काहीही दोष नसतो, तरी भरपाईचा हक्क असतो.

आणखी काही वाक्ये अशी असतात की ती परदेशी नमुन्यावरून जशीच्या तशी उतरलेली असतात. 'उपचारांचा खर्च तुमच्या आरोग्य विम्यातून प्रथम वसूल केला जाईल', 'हरवलेल्या मजुरीबद्दल कोणतीही रक्कम दिली जाणार नाही', 'भरपाई प्रायोजकाच्या विमा पॉलिसीच्या मर्यादेत राहील', 'संबंध आहे की नाही याबाबत प्रायोजकाचा निर्णय अंतिम राहील'. यांपैकी एकही आपल्या नियमांत बसत नाही. विमा ही प्रायोजकाने स्वतःच्या जबाबदारीसाठी केलेली तजवीज आहे, त्यामुळे पॉलिसीची मर्यादा संपली म्हणून जबाबदारी संपत नाही. संबंधाचा आणि रकमेचा अंतिम आदेश केंद्रीय परवाना प्राधिकरण, म्हणजे भारताचे औषध महानियंत्रक, देतात.

रक्कम कशी निघते

माहितीपत्रकात 'नियमानुसार भरपाई' एवढेच लिहिलेले असते आणि रक्कम नसते. ती निघते कशी हे मात्र ठाऊक असावे, कारण त्यातील दोन घटक संमतीच्या दिवशीच कागदावर उतरतात.

मृत्यूच्या भरपाईचे सूत्र असे आहे:

```
भरपाई = (8,00,000 × F × R) ÷ 99.37
```

8 लाख ही मूळ रक्कम आहे. F हा वयाचा गुणक कामगार भरपाई कायद्याच्या तक्त्यातून घेतलेला आहे. तो 16 वर्षे किंवा त्याहून कमी वयाला 228.54, 50 व्या वर्षी 153.09, आणि 65 व त्यापुढे 99.37 आहे. R हा जोखमीचा गुणक असून चाचणीत प्रवेश करताना आजार किती गंभीर होता त्यावर तो 0.5 ते 4 पर्यंत ठरतो. सहा महिन्यांहून अधिक जगण्याची अपेक्षा नसलेल्या रुग्णाला 0.5, सहा ते चोवीस महिने अपेक्षा असलेल्याला 1, मध्यम जोखमीला 2, सौम्य जोखमीला 3 आणि निरोगी स्वयंसेवकाला 4. ज्याच्या बाबतीत 30 दिवसांत मृत्यूची शक्यता 90 टक्के किंवा अधिक आहे, त्याच्यासाठी सूत्र न लावता 2 लाख रुपये ही ठरावीक रक्कम आहे.

आपल्या 50 वर्षांच्या कामगाराचा गुणक 153.09. त्यांची जोखीम मध्यम धरली तर 8 लाख गुणिले 153.09 गुणिले 2, भागिले 99.37, म्हणजे सुमारे 24 लाख 65 हजार रुपये. सौम्य धरली तर सुमारे 36 लाख 97 हजार. एका गुणकाने बारा लाखांचा फरक पडतो, आणि तो गुणक ठरवताना पाहिली जाते ती प्रवेशाच्या वेळची वैद्यकीय नोंद. त्या दिवशी डॉक्टर जुने आजार विचारतात तेव्हा खरे आणि नेमके सांगावे, व नसलेला आजार नोंदला गेला असेल तर तो तिथेच दुरुस्त करून घ्यावा. वयाचेही तसेच. जन्मतारीख ठाऊक नाही म्हणून अंदाजाने 55 लिहिले गेले तर गुणक 135.56 होतो आणि मध्यम जोखमीची रक्कम सुमारे 21 लाख 83 हजारांवर येते. आधार कार्डावर एक आणि संमतिपत्रावर दुसरेच वय असेल तर पुढे वारसांना त्यावरच हेलपाटे घालावे लागतात.

संमतिपत्रात वार्षिक उत्पन्नाचा रकाना असतो. तो पाहून 'माझी मिळकत कमी, म्हणून भरपाईही कमी' असा समज होतो. वरील सूत्रात उत्पन्न कुठेच नाही. यंत्रमाग कामगार आणि कारखान्याचा मालक, वय व आजाराची जोखीम सारखी असल्यास, रक्कम सारखीच.

कायमच्या अपंगत्वासाठी मृत्यूच्या रकमेचा 90 टक्के भाग पूर्ण म्हणजे 100 टक्के अपंगत्वाला मिळतो आणि कमी अपंगत्वाला त्या प्रमाणात. मध्यम जोखमीच्या आपल्या उदाहरणात 40 टक्के अपंगत्व आले तर 24 लाख 65 हजारांचे 40 टक्के आणि त्याचे 90 टक्के, म्हणजे सुमारे 8 लाख 87 हजार. बऱ्या होणाऱ्या इजेसाठी मात्र आकडे एकदम खाली येतात: दिल्लीतील अकुशल कामगाराच्या दैनिक किमान वेतनाची दुप्पट, गुणिले रुग्णालयात राहिल्याचे दिवस. ते वेतन हिशेबापुरते 700 रुपये धरले तर सहा दिवसांचे 8,400 रुपये. दुप्पट यासाठी की रुग्णाबरोबर सोबत करणाऱ्याचाही रोज बुडतो. रक्कम लहान असली तरी ती मागितली जात नाही, हे मी पाहिले आहे. बिल भरावे लागले नाही याच आनंदात माणसे घरी जातात.

प्रवासखर्च आणि रोजच्या बुडीत मजुरीपोटी मिळणारे पैसे यांचा वरील भरपाईशी संबंध नाही. त्यांचा तपशील वेगळ्या परिच्छेदात असतो. दर व्हिजिटला किती आणि केव्हा, हे तिथे पाहावे. 'सर्व व्हिजिट पूर्ण झाल्यावर एकत्रित रक्कम' असे लिहिले असेल तर ती माघार घेणाऱ्याला लावलेली अप्रत्यक्ष खीळ आहे. जितका सहभाग झाला तितके पैसे, हे तत्त्व नियमांतील यादीतच आहे.

माघार: 'केव्हाही' या शब्दाच्या आत काय आहे

कोणतेही कारण न देता केव्हाही बाहेर पडता येते आणि त्यामुळे नेहमीच्या उपचारांवर किंवा कायदेशीर हक्कांवर परिणाम होत नाही, हे वाक्य प्रत्येक संमतिपत्रात छापलेले असते. ते खरे आहे. परंतु माघार एकाच प्रकारची नसते आणि हे सहसा कोणी समजावून सांगत नाही.

गोळी बंद करायची पण तपासण्यांना येत राहायचे, ही एक माघार. गोळी आणि व्हिजिट दोन्ही बंद, मात्र प्रकृतीची चौकशी करणारा फोन चालेल, ही दुसरी. कोणताही संपर्क नको, ही तिसरी. पुढील संशोधनासाठी साठवलेले रक्त वापरू नका, ही चौथी. त्या साठवणुकीसाठी बहुधा स्वतंत्र सही घेतलेली असते, म्हणून ती स्वतंत्रपणेच मागे घ्यावी लागते. 'मला आता जमत नाही' एवढेच तोंडी सांगितले तर कोऑर्डिनेटर आपल्या सोयीचा अर्थ लावतो. त्यामुळे यांपैकी काय हवे ते एका साध्या कागदावर तारखेसह लिहून द्यावे आणि पोच घ्यावी. कारण लिहिण्याची गरज नाही. दुष्परिणामामुळे बाहेर पडत असाल तर मात्र ते कारण अवश्य लिहावे, कारण मग ती केवळ माघार न राहता प्रतिकूल घटनेची नोंद होते.

माघार घेतली तरी दोन गोष्टी परत मिळत नाहीत. तोवर जमा झालेली माहिती अभ्यासात राहते. आणि संमतिपत्रातील तिसऱ्या कलमानुसार प्रायोजक, नैतिकता समिती आणि नियामक यांना तुमच्या वैद्यकीय नोंदी पाहण्यास माघारीनंतरही वेगळी परवानगी लागत नाही, मात्र तुमची ओळख बाहेरच्यांना उघड करता येत नाही. हे कलम वाचून काही जण दचकतात. त्याचा उपयोग असा की दुष्परिणामांमुळे बाहेर पडलेल्यांचीच नोंद पुसली गेली तर औषध आहे त्याहून सुरक्षित दिसेल.

बाहेर पडण्याची पद्धतही माहितीपत्रकात लिहिलेली असावी. काही औषधे एकाएकी बंद करणे धोक्याचे असते, म्हणून गोळ्या थांबवण्याआधी संशोधकाला विचारावे. शेवटची एक सुरक्षा तपासणी सहसा सुचवतात. तिला जाण्याची सक्ती नाही, पण ती फुकट होते आणि अहवाल हातात मिळतात, म्हणून जावे असे माझे मत. उरलेल्या गोळ्या परत कराव्या. आपल्या कामगाराला घरी गेल्यावर सोलापूरच्या डॉक्टरांकडे पुन्हा उपचार सुरू करायचे आहेत, तेव्हा आजवरच्या साखरेच्या व मूत्रपिंडाच्या तपासण्यांच्या प्रती आणि कोणत्या वर्गातील औषधाची चाचणी होती याचे पत्र मागून घ्यावे.

उलट बाजूही वाचावी. संशोधक तुमच्या संमतीविना तुम्हाला चाचणीतून केव्हा काढू शकतात, हे लिहिलेले असते: गरोदरपण, गोळ्या न घेणे, प्रायोजकाने चाचणीच बंद करणे. अशा वेळी चालू उपचारांचे काय, हा प्रश्न आधीच विचारून ठेवावा. चाचणी संपल्यावर औषध मोफत मिळत राहील असे कोणी सांगितले तर ते कागदावर दाखवायला सांगावे. नियमांत तशी तरतूद आहे, पण दुसरा पर्यायी उपचार नसणे, औषधाचा फायदा दिसणे आणि नैतिकता समितीची शिफारस या अटींवर. मधुमेहाला पर्याय असल्यामुळे आपल्या उदाहरणात ती बहुधा लागू होणार नाही.

संमतिपत्र भरताना

आता शेवटची पाने. त्यात पाच विधाने आणि प्रत्येकासमोर एक चौकट असते. त्या चौकटीत सहभागीने स्वतः आद्याक्षरे लिहायची असतात. कोऑर्डिनेटरने आधीच बरोबरच्या खुणा करून ठेवलेला कागद स्वीकारू नये. सहीखालची तारीखही स्वतःच्या हाताने घालावी.

नामनिर्देशित व्यक्तीचे नाव, पत्ता आणि नाते यांचा रकाना सर्वांत जास्त वेळा रिकामा राहतो. मृत्यू झाल्यास भरपाई कोणाला द्यायची यासाठीच तो आहे. 'पत्नी' एवढे लिहून भागत नाही, आधार कार्डावर आहे तसे पूर्ण नाव लिहावे.

लिहिता-वाचता न येणाऱ्या सहभागीसाठी निष्पक्ष साक्षीदार सबंध चर्चेच्या वेळी हजर लागतो. नुसता शेवटी सहीला बोलावलेला माणूस साक्षीदार ठरत नाही, आणि चाचणीच्या चमूतील परिचारिकाही नाही. कोणी कोणासाठी सही करायची, हा प्रश्न पुस्तकी नव्हे. 2009-10 मध्ये आंध्र प्रदेशात मुलींना एचपीव्ही लस देण्याच्या अभ्यासात कित्येक संमतिपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या निघाल्या आणि त्यावरून संसदेच्या समितीने ताशेरे ओढले. सहभागी दुर्बल घटकातील असेल आणि औषधाचा रेणू पूर्णपणे नवा असेल तर संमतीच्या प्रक्रियेचे ध्वनिचित्रमुद्रण करावे लागते, एचआयव्ही आणि कुष्ठरोगावरील औषधांच्या चाचण्यांत मात्र केवळ ध्वनिमुद्रण.

संशोधकाची सही झाल्यावर, भरलेल्या संमतिपत्राची आणि संपूर्ण माहितीपत्रकाची प्रत त्याच दिवशी घ्यावी. 'पुढच्या व्हिजिटला देतो' हे ऐकून घेऊ नये. चाचणी चालू असताना नवीन धोका कळला तर सुधारित माहितीपत्रक येते आणि पुन्हा सही मागतात. तेव्हा 'काय बदलले ते दाखवा' एवढेच विचारावे आणि पुढे राहायचे की नाही हे नव्याने ठरवावे.

इजा झालीच तर

आपला कामगार चौदाव्या आठवड्यात सोलापुरात चक्कर येऊन पडतो आणि जवळच्या रुग्णालयात दाखल होतो, असे समजू. घरच्यांनी पहिल्या तासाभरात चाचणीचे ओळखपत्र डॉक्टरांना दाखवावे आणि त्यावरील चोवीस तासांच्या क्रमांकावर फोन करावा. त्याच वेळी तारीख व वेळ लिहिलेला एक संदेशही पाठवावा, म्हणजे कळवल्याचा पुरावा राहतो. रुग्णालयात दाखल व्हावे लागणे ही नियमानुसार गंभीर प्रतिकूल घटना आहे आणि संशोधकाने ती 24 तासांच्या आत प्राधिकरण, प्रायोजक आणि नैतिकता समिती यांना कळवायची असते. दुसऱ्या गावच्या रुग्णालयाचे बिल कोण भरणार, हे माहितीपत्रकात नसेल तर ते सहीच्या दिवशीच लिहून घेतलेले बरे. बिले, औषधांच्या पावत्या आणि डिस्चार्ज कार्ड यांच्या मूळ प्रती स्वतःजवळ ठेवून झेरॉक्स द्याव्या.

त्यानंतर प्रायोजक व संशोधक 14 दिवसांत आणि नैतिकता समिती 30 दिवसांत आपापले विश्लेषण प्राधिकरणाला पाठवतात. प्राधिकरणाने अहवाल मिळाल्यापासून 90 दिवसांत संबंध आणि रक्कम यांबाबत आदेश द्यायचा असतो, आणि आदेश मिळाल्यापासून 30 दिवसांत प्रायोजकाने पैसे द्यायचे असतात. न दिल्यास प्राधिकरण चाचणी स्थगित वा रद्द करू शकते आणि प्रायोजकाला पुढील चाचण्यांपासून रोखू शकते. सहभागीने या काळात करायचे काम एकच: तिसाव्या दिवसाच्या सुमारास नैतिकता समितीच्या सचिवांना लेखी पत्र देऊन समितीने आपला अहवाल पाठवला का आणि कोणत्या तारखेला, हे विचारणे. त्या पत्राला संमतिपत्राची प्रत जोडावी आणि समितीच्या कार्यालयाचा आवक शिक्का आपल्या प्रतीवर मारून घ्यावा.